पाठमोऱ्या सोंगट्यांचा हिशेब

लालची एक सोंगटी पुढे आली आणि निळ्याच्या मेजरशेजारच्या घरात येऊन उभी राहिली. दोन चालींपूर्वी याच मेजरने लालचा कॅप्टन मारला होता. त्यामुळे तो मेजर आहे हे लालला आता पक्कं माहीत आहे. निळ्याला मात्र शेजारी आलेल्या त्या सोंगटीची फक्त पाठ दिसते आहे. ती कर्नल असेल तर पुढच्या चालीत मेजर गेलाच. ती एखादा क्षुल्लक स्काऊट असेल आणि नुसती भीती घालायला आली असेल, तर पळणं म्हणजे हातात आलेली शिकार सोडणं. पळावं की मारावं, हे निळ्याला याच चालीत ठरवायचं आहे.

या खेळाचं नाव स्ट्रॅटेगो. बुद्धिबळात पटावरचं सगळं दोघांनाही दिसतं आणि झाकलेला असतो तो फक्त समोरच्याचा बेत. इथे सोंगटी कुठे उभी आहे हे दिसतं, पण ती कोण आहे हे दिसत नाही. ते तिच्या वागण्यावरून ओळखायचं असतं. चांगले खेळाडू या ओळखण्यात इतके तयार होतात की अर्धा डाव झाला की समोरच्याच्या बहुतेक मोठ्या सोंगट्या त्यांना जवळपास उघड्या दिसू लागतात. यामागे हिशेब आहे, तो करता येतो आणि कुठे चुकतो हेही सांगता येतं.

आधी पट मांडून घेऊ. दहा बाय दहा घरांचा पट, मधोमध चार-चार घरांची दोन तळी. तळ्यांत कोणी जाऊ शकत नाही, त्यामुळे एका बाजूकडून दुसरीकडे जायला दोन-दोन घरं रुंदीच्या तीनच वाटा उरतात. प्रत्येक खेळाडूकडे ४० सोंगट्या असतात आणि त्या आपल्या बाजूच्या चार ओळींत हव्या तशा मांडायच्या असतात. सर्वांत वर १० क्रमांकाचा मार्शल, एकच. मग ९ चा जनरल, एक. ८ चे कर्नल दोन, ७ चे मेजर तीन. कॅप्टन, लेफ्टनंट आणि सार्जंट प्रत्येकी चार, त्यांचे क्रमांक ६, ५ आणि ४. ३ क्रमांकाचे मायनर पाच; सैन्यातल्या सॅपरसारखं बॉम्ब निकामी करण्याचं काम त्यांचं. २ क्रमांकाचे स्काऊट आठ. एक हेर. सहा बॉम्ब. आणि एक झेंडा, जो समोरच्याने पकडला की डाव संपला.

एका चालीत एक सोंगटी एक घर सरकते, आडवी किंवा उभी. स्काऊट मात्र सरळ रेषेत मोकळी असतील तितकी घरं जाऊ शकतो. शत्रूच्या घरात शिरलं की दोन्ही सोंगट्या उघड करायच्या. लहान क्रमांकाची बाहेर जाते, सारख्या असतील तर दोन्ही जातात. बॉम्ब आणि झेंडा कधीच हलत नाहीत. बॉम्बवर चाल करणारा मरतो, फक्त मायनर बॉम्ब काढू शकतो. हेर सगळ्यांत दुबळा, पण त्याने स्वतः हल्ला केला तर मार्शलला मारतो. मार्शलने हेरावर हल्ला केला तर हेर मरतो.

झाकलेल्या सोंगट्यांची ही कल्पना फ्रान्समधली. एर्मान्स एदाँ या महिलेने १९०८ मध्ये ‘लाताक’ नावाच्या खेळाच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. आजचं स्ट्रॅटेगो नेदरलँड्समध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात याक मोगेनडॉर्फने घडवलं, आणि पुढे यम्बो या डच कंपनीने ते घरोघरी पोचवलं. डच लोक या खेळात आजही आघाडीवर आहेत.

आता अंदाजाकडे. पण अंदाजाच्याही आधी जे नक्की कळतं ते बाजूला काढायला हवं, कारण नवखे खेळाडू इथेच कमी पडतात. एखादी सोंगटी एकदा जरी हलली, तर ती बॉम्ब नाही आणि झेंडाही नाही. म्हणजे ४० पैकी सात शक्यता एका चालीत गळाल्या, उरल्या ३३. एखादी सोंगटी एका चालीत दोन किंवा जास्त घरं गेली, तर ती स्काऊटच. कोणती सोंगटी हल्ल्यात उघड होऊन जिवंत राहिली, ती पुढे कुठे कुठे गेली, याचा माग ठेवला की ती डावभर उघडीच असते. शिवाय बाहेर गेलेल्या सोंगट्या मोजता येतात. दोन्ही कर्नल गेले असतील तर उरलेल्यांत कर्नल नाही, मग समोरची सोंगटी कितीही रुबाबात चालत येवो.

रमीत समोरच्याने उचललेली आणि टाकलेली पानं लक्षात ठेवणारा माणूस जे करतो तेच हे. फरक एवढाच की इथे पानं जागच्या जागी चालत असतात, आणि कुठलं पान कुठून कुठे गेलं हेही ध्यानात ठेवावं लागतं. सोंगट्या एका वाटेत गर्दी करून एकमेकींच्या मागेपुढे सरकल्या की माग हमखास सुटतो. उघड झालेला मेजर दोन अनोळखी सोंगट्यांमागे जाऊन थांबला, मग तिथूनच कुणीतरी बाहेर आलं. तो तोच होता का? याचं उत्तर ज्याला देता येत नाही, त्याचा पुढचा सगळा हिशेब पोकळ.

निळ्याच्या मेजरकडे परत येऊ. समजा डावाची सुरुवात आहे आणि लालचा तो एक कॅप्टन सोडला तर अजून कोणी बाहेर गेलेलं नाही. हलणाऱ्या ३३ सोंगट्यांतला एक कॅप्टन वजा केला की उरतात ३२. मेजरला मारू शकतील अशा त्यांत किती? मार्शल, जनरल आणि दोन कर्नल, म्हणजे चार. तीन मेजर बरोबरीचे. बाकी पंचवीस त्याच्यापुढे हरणारे. म्हणजे सोंगटीने काहीही केलं नसतं, नुसती उभी असती, तर ती धोक्याची असण्याची शक्यता ३२ पैकी ४, आठात एक.

पण ती नुसती उभी नाही, ती चालून आली आहे. मोठी सोंगटी उघड्या मेजरवर सहसा चालून जाईलच. लहान सोंगटी क्वचित, तीही हूल द्यायला. आकडे धरून पाहू. समजा मेजरला मारू शकणारी सोंगटी असा प्रसंग आल्यावर दहापैकी सहा वेळा पुढे येते. उरलेल्यांपैकी कुणीही दहापैकी एकदाच हूल देतं. आता ३२ पैकी प्रत्येक सोंगटी अशा जागी दहा-दहा वेळा उभी केली असं समजा. मोठ्या चार सोंगट्यांचे चाळीस प्रसंग, त्यांत २४ वेळा त्या पुढे येतील. उरलेल्या अठ्ठावीसांचे २८० प्रसंग, त्यांत २८ वेळा कुणीतरी हूल देईल. एकूण ५२ वेळा सोंगटी चालून आली, त्यांतल्या २४ वेळाच ती खरोखर मोठी होती. शेकडा ४६.

हा आकडा बहुतेकांना खटकतो. मोठी सोंगटी हूल देणाऱ्यापेक्षा सहापट जास्त वेळा पुढे येते असं धरूनही समोरची सोंगटी मोठी असण्यापेक्षा लहान असण्याचीच शक्यता किंचित जास्त निघते. कारण लहान सोंगट्या संख्येनेच इतक्या जास्त आहेत की त्यांच्यातल्या थोड्याशा धाडसी चालीही मोठ्यांच्या सगळ्या चालींना भारी पडतात. माणसाचं मन वागणं बघतं आणि संख्या विसरतं. चालून येणारी सोंगटी दिसली की ‘हा कर्नल असणार’ असं वाटतं, आणि चार जणांचा दबदबा बत्तीस जणांना फुकट मिळतो. हूल चालते ती याच विसरभोळेपणावर.

मग निळ्याने मेजरने मारावं का? तेही नाही. शक्यता साधारण निम्मी-निम्मी असली तरी पणाला लागलेल्या गोष्टी सारख्या नाहीत. लहान असली तर निळ्याला बहुधा एखादा स्काऊट किंवा सार्जंट मिळेल. मोठी असली तर मेजर जाईल. म्हणून अशा वेळी जाणकार खेळाडू मेजर एक घर मागे घेतो आणि बघतो पुढे काय होतं ते.

लालची सोंगटी पुन्हा मागे आली. आता काय? पहिली हूल देणं सोपं असतं. पाठलाग चालू ठेवणं कठीण, कारण दर चालीला मेजर वळून मारण्याची भीती असते. समजा मोठ्या सोंगट्या दहापैकी नऊ वेळा पाठलाग चालू ठेवतात आणि हूल देणारे निम्म्या वेळाच. आधीच्या चोवीसांतले सुमारे २२ उरले, अठ्ठावीसांतले १४. छत्तिसातले बावीस, म्हणजे शेकडा ६१. एकाच वागण्याच्या दोन चालींनी आठात एकाची शक्यता पाचात तिनावर आणली. पण दुसऱ्या चालीने पहिलीइतकी मोठी उडी घेतली नाही, आणि हे बरोबरच आहे. ज्याने एकदा हूल द्यायचं ठरवलं तो ती थोडी पुढे रेटणारच. दोन चाली म्हणजे दोन स्वतंत्र साक्षीदार नव्हेत.

खात्री करून घ्यायचा मार्गही आहे. निळ्याचा एखादा स्काऊट सरळ मोकळ्या रेषेत असेल, तर लांबून येऊन त्या सोंगटीवर आदळायचं. स्काऊट बहुधा मरेल, पण सोंगटी उघडी पडेल. आठ स्काऊटांपैकी एक देऊन कर्नल की मार्शल हे कळणं, हा या खेळातला सगळ्यांत स्वस्त सौदा. शक्यता निम्म्याच्या आसपास असते तेव्हाच तो करावा, कारण तेव्हाच उत्तराने सगळ्यांत जास्त फरक पडतो. शेकडा नव्वद खात्री असताना स्काऊट घालवणं म्हणजे माहीत असलेली गोष्ट विकत घेणं.

वरच्या आकड्यांतला सगळ्यांत नाजूक आकडा कोणता? हूल देणाऱ्यांचा. मोठी सोंगटी दहात सहा वेळा पुढे येते की सात, याने फारसं बदलत नाही. पण लाल दहात एकदा हूल देण्याऐवजी तीनदा देत असेल, तर २८ च्या जागी ८४ येतात, आणि १०८ पैकी २४ म्हणजे शेकडा २२ उरतात. तोच लाल पन्नासात एकदाच हूल देणारा भिडस्त गडी असेल, तर सोंगटी मोठी असण्याची शक्यता ऐंशीच्या घरात जाते. पटावर तीच चाल, तीच सोंगटी, पण खेळणारा बदलला की उत्तर २२ ते ८० पर्यंत कुठेही. म्हणून खरा अंदाज सोंगटीचा नसून तिच्यामागच्या माणसाचा असतो. जो कधीच हूल देत नाही त्याच्या सगळ्या सोंगट्या पुस्तकासारख्या वाचता येतात, आणि जो सतत देतो त्याच्या हुलीला कोणी भीक घालत नाही. तरबेज खेळाडू आपल्या हुलींचं प्रमाण समोरच्याला हिशेब लागू नये असं राखतात.

नियमांचाही इथे हात आहे. स्पर्धांच्या नियमांत एकच सोंगटी त्याच दोन घरांत लागोपाठ तीनपेक्षा जास्त वेळा पुढेमागे करता येत नाही, आणि अंतहीन पाठलागालाही बंदी आहे. त्यामुळे कधीतरी कुणाला तरी दुसरं काही करावं लागतं, आणि ते दुसरं काही म्हणजे नवी माहिती. चांगला निळा मेजरला नेमका अशा जागी मागे नेतो जिथे शेजारी आपली एक न हललेली, झाकलेली सोंगटी आहे. लालची सोंगटी आता तिच्याही माऱ्यात येणार. ती बिनधास्त आली तर तिला गमावण्यासारखं फारसं काही नाही, किंवा ती मार्शल आहे आणि हेर सोडून कुणालाच भीत नाही. ती थबकली तर बहुधा कर्नल, जो जनरल आणि मार्शल दोघांनाही घाबरतो. एका थबकण्यातून एवढं कळतं.

जे घडतं त्याच्याइतकंच, कधी कधी त्याहून जास्त, जे घडत नाही ते बोलतं. निळ्याचा उघडा कर्नल लालच्या एका न हललेल्या सोंगटीशेजारी येऊन उभा राहिला आणि लालने भलतीकडेच चाल केली. ती सोंगटी जनरल किंवा मार्शल असती तर तिने बहुधा कर्नल मारला असता. मेजर किंवा कॅप्टन असती तर पळाली असती, कारण तिला वाचवण्यात अर्थ आहे. उरतं काय? बॉम्ब, किंवा इतकी लहान सोंगटी की लालला तिची पर्वा नाही आणि ती बॉम्ब वाटली तर त्याला हवंच आहे. दोन्ही परिस्थितींत कर्नलने तिला हात लावू नये. लहान सोंगटी मारून मिळणार थोडं, बॉम्ब निघाला तर कर्नल जाणार. तिथे मायनर किंवा स्काऊट पाठवावा.

पण या निष्कर्षात एक खाच आहे आणि तिच्यात भलेभले पडतात. ती सोंगटी हलू शकत होती का? तिच्या तिन्ही बाजूंना लालच्याच सोंगट्या असतील तर पळायला जागाच नव्हती, आणि मग तिच्या गप्प राहण्यातून ती पळण्यालायक नव्हती असं काहीच सिद्ध होत नाही. दुसरी खाच मार्शलची. मार्शल कर्नल मारू शकत असूनही कधी कधी गप्प बसतो, कारण मारलं की तो उघडा पडतो आणि मग निळ्याचा हेर त्याच्या मागावर येतो. झाकलेला मार्शल सगळ्या पटावर दहशत ठेवतो. उघडा मार्शल फक्त तो उभा आहे तिथे. त्यामुळे वागण्यावरून ओळखताना सोंगटीची ताकद बघून भागत नाही. उघडं पडण्याची किंमतही मोजावी लागते, आणि ती मोठ्या सोंगट्यांना सगळ्यांत जास्त असते.

हेराचं वागणं तर स्वतंत्रच. बरेच खेळाडू आपल्या जनरलच्या मागे हेर चालवतात. शत्रूच्या मार्शलने जनरल मारला की मार्शल उघडा होतो आणि लगेच हेर त्याच्यावर पडतो. म्हणून उघड्या जनरलच्या मागे एक-दोन घरं अंतर ठेवून सतत फिरणारी सोंगटी दिसली की जाणकाराचं लक्ष तिच्यावर जातं. उलटंही खरं: उघड्या मार्शलकडे निर्धास्त चालत येणारी अनोळखी सोंगटी हेर, शत्रूचा मार्शल, नाहीतर नुसती हूल. तिन्हींपैकी कोणी असो, मार्शल सहसा बाजूला होतो. आणि एका क्षुल्लक स्काऊटने मार्शलला वाटेतून हाकलल्याचं दृश्य या खेळात नेहमीचं आहे.

हुलीचं एक नोंदलेलं उदाहरण फार बोलकं आहे. एप्रिल २०२२ मध्ये डीपमाइंड कंपनीचा डीपनॅश हा प्रोग्रॅम ग्रॅव्हन या ऑनलाइन मैदानावर तरबेज माणसांशी ५० डाव खेळला आणि त्यातले ४२ जिंकला. त्याचा वृत्तान्त वर्षअखेरीस ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यातल्या एका डावात प्रोग्रॅमने एका झाकलेल्या स्काऊटने समोरच्याच्या कर्नलचा पाठलाग सुरू केला. कर्नलला न भिता मागे लागणारी सोंगटी म्हणजे मार्शलच असणार, असं समोरच्या खेळाडूला वाटलं. हिशेब तसा वाजवी होता. त्याने कर्नलला अशा वाटेने नेलं की पाठलाग करणारा हेराच्या माऱ्यात यावा. सापळा नेटका लागला, पण सापळ्यात आला तो दोन क्रमांकाचा स्काऊट. आणि हेराचं सामर्थ्य फक्त मार्शलपुरतं असल्याने या झटापटीत त्याचा हेरच गेला. त्यानंतर प्रोग्रॅमच्या खऱ्या मार्शलला पटावर धाक असा उरलाच नाही.

त्या खेळाडूचा तर्क कुठे चुकला? पाठलागावरून सोंगटी मोठी असण्याची शक्यता वाढवली, इथवर ठीक. पण वाढलेली शक्यता त्याने खात्री समजून हेर बाहेर काढला, आणि हेर एकच असतो. स्काऊटने आधी चाचपून पाहिलं असतं तर एका चालीत उलगडा झाला असता. वाचकाने यातून एक गोष्ट जरूर टिपावी: अंदाज जितका महागडी सोंगटी पणाला लावायला सांगतो, तितका पुरावा जास्त हवा.

याच प्रकल्पात व्हिन्सेंट द बूर हा डच खेळाडूही होता. तो या खेळाचा विश्वविजेता राहिलेला आहे आणि २००७ मध्ये डेल्फ्टच्या विद्यापीठात त्याने स्वतःही ‘इन्व्हिन्सिबल’ नावाचा स्ट्रॅटेगो खेळणारा प्रोग्रॅम लिहून पदव्युत्तर प्रबंध सादर केला होता. त्याच सुमारास मास्ट्रिक्ट विद्यापीठातही समोरच्याच्या चालींवरून झाकलेल्या सोंगट्यांच्या शक्यता बदलत नेण्यावर काम झालं. अशा पद्धतीचं मूळ साधन म्हणजे एक तक्ता: एकेक झाकलेली सोंगटी आणि तिच्यासमोर ती मार्शल असण्याची, जनरल असण्याची, कर्नल असण्याची शक्यता. या तक्त्याचा एक गुण डोक्यात हिशेब करणाऱ्यांनी जरूर घ्यावा. मार्शल एकच असल्याने सगळ्या सोंगट्यांच्या ‘मार्शल असण्याच्या’ शक्यतांची बेरीज एक व्हायला हवी. डाव्या वाटेतली सोंगटी शेकडा साठ मार्शल वाटू लागली, की उजव्या वाटेतल्या सगळ्या संशयितांना मिळून चाळीसच उरतात. ज्याला पटावर एकाच वेळी तीन मार्शल दिसतात, त्याने बेरीज केलेली नाही.

डावाच्या शेवटी हाच हिशेब झेंड्यापर्यंत नेतो, आणि तिथे तो मोजणीच्या फार जवळ जातो. समजा लालच्या आठ सोंगट्या डावभर हललेल्या नाहीत आणि उघड्याही झालेल्या नाहीत. सहा बॉम्बांपैकी एक मायनरने काढला आहे, एकावर स्काऊट आदळून तो उघडा झाला आहे. म्हणजे झाकलेले बॉम्ब चार आणि झेंडा एक. आठांतल्या पाच या, उरलेल्या तीन हलू शकत असूनही न हललेल्या. कुठलीही एक उचलली तर झेंडा सापडण्याची शक्यता आठात एक. पण आठही जागा सारख्या नसतात. झेंडा बहुतेक वेळा शेवटच्या ओळीत असतो. कोपऱ्यात ठेवला तर त्याला झाकायला दोनच बॉम्ब पुरतात, कडेला इतरत्र ठेवला तर तीन लागतात. डाव्या कोपऱ्यात न हललेल्या तीन सोंगट्या एकत्र असतील आणि त्यांतल्या कोपऱ्याच्या शेजारचीवर स्काऊट आदळून बॉम्ब निघाला, तर कोपऱ्यातली सोंगटी झेंडा असण्याची शक्यता एकदम वर जाते.

मात्र अनुभवी लाल याचसाठी दुसऱ्या कोपऱ्यातही दोन बॉम्ब लावून मध्ये सार्जंट बसवून ठेवतो. मायनर बॉम्ब काढून आत शिरला की ४ क्रमांकाचा सार्जंट ३ च्या मायनरला मारतो, आणि निळ्याकडे मायनर उरले नाहीत तर खरा कोपरा कायमचा बंद. यावर उपाय पुन्हा वागणुकीतूनच शोधावा लागतो: निळ्याची झाकलेली सोंगटी एका कोपऱ्याकडे सरकली की लालच्या रक्षक सोंगट्या कुठल्या वेगाने कुठे धावतात, आणि दुसऱ्या कोपऱ्याकडे सरकल्यावर काय होतं. दोन्ही वेळा सारखीच धावपळ झाली तर लाल पक्का खेळाडू आहे असं समजून शेवटचे दोन मायनर जपून वापरावेत.

घरी हा खेळ असणाऱ्यांनी पुढचे काही डाव एक वही जवळ ठेवून खेळावेत. प्रत्येक वेळी समोरची झाकलेली सोंगटी आपल्या उघड्या सोंगटीवर चालून आली की एक रेघ ओढावी, आणि पुढे ती उघड झाल्यावर ती खरोखर मोठी होती की हूल, ते रेघेपुढे लिहावं. या लेखात दहात सहा आणि दहात एक हे आकडे समजावण्यासाठी धरलेले आहेत. आपल्या भावाचे, मैत्रिणीचे किंवा आजोबांचे आकडे वेगळे असतील, आणि ते फक्त त्या वहीतच सापडतील.